पेट्रोल, मेट्रो, बस पास: भुसारी कॉलनी ते विमाननगर रोजच्या खर्चाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

शनिवारी विसर्जन झालं, रस्ते मोकळे झाले, आता मोजायला सुरुवात. गणपतीत बंद रस्ते आणि वळसे इतके असतात की त्या दिवसांतला आकडा वर्षभर कामाचा नाही, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

प्रश्न साधा आहे. घर पौड रोडला भुसारी कॉलनीत, ऑफिस विमाननगरमध्ये. गाडी ११० सीसीची स्कूटर. मेट्रोची ॲक्वा लाइन वनाज ते रामवाडी अशी जवळजवळ माझ्याच रस्त्याने जाते. ६ मार्च २०२४ ला ती रुबी हॉलच्या पुढे रामवाडीपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून घरात आणि ऑफिसात एकच वाद: मेट्रो स्वस्त की गाडी? प्रत्येकाकडे उत्तर आहे, पण ते कशावरून काढलं हे कोणी सांगत नाही. "माझी गाडी पन्नासचं ॲव्हरेज देते" हे वाक्य तर गाडी शोरूममधून बाहेर आली त्या दिवसापासून तसंच चालत आलेलं असतं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे जुन्या पेट्रोलवरचं ॲव्हरेज आज हिशेबात धरणंच चूक.

म्हणून टाकी ते टाकी पद्धत. आज संध्याकाळी टाकी फुल्ल केली, मीटरचं रीडिंग २१,३४६. पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढंच मधल्या अंतरात जळलं. काट्यावर भरवसा ठेवायचा नाही, दोनशे रुपयांचं टाकून किती चाललं असंही मोजायचं नाही, कारण सुरुवातीला टाकीत किती होतं हे कोणालाच माहीत नसतं.

फुल्ल म्हणजे नेमकं काय, हे मात्र ठरवून घ्यावं लागतं. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं ती माझी खूण. पंपावरचा पोरगा त्यानंतर आकडा गोल करायला थेंब थेंब सोडत राहतो. कधी पाच रुपयांचं जास्त जातं, कधी वीसचं. त्याला सांगितलं, "दादा, कट झालं की थांबा, पैसे ऑनलाइन देतोय, सुट्ट्यांचा प्रश्न नाही." गाडी मेन स्टँडवर घेतली. साइड स्टँडवर टाकी तिरकी होते आणि तेवढ्याने पाव लिटरचा फरक पडू शकतो. यापुढे हाच पंप आणि शक्यतो हेच नोझल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रीडिंग २१,५१८. मावलं ३.९८ लिटर. म्हणजे १७२ किलोमीटरला ३.९८ लिटर, लिटरला ४३ च्या वर. पुण्यात पेट्रोल सध्या १०४ रुपयांच्या आसपास आहे, हिशेबाला १०४ धरतोय.

एका टाकीवरून निकाल लावायचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. नोझल कधी थोडं आधी बंद होतं, कधी थोडं नंतर. ०.२ लिटरचा फरक धरला, तर चार लिटरवर तो पाच टक्के होतो. म्हणजे माझं ४३ प्रत्यक्षात ४१ असू शकतं किंवा ४५ही. एवढ्या फरकाने मेट्रो आणि गाडीचा निकाल उलटू शकतो.

उपाय म्हणजे लागोपाठच्या टाक्या एकत्र धरणं. यातली गंमत अशी, की मधल्या भरण्यातल्या चुका आपोआप मिटतात. आज पोराने ०.२ लिटर कमी भरलं असेल, तर पुढच्या वेळी तेवढं जास्त मावेल. बेरजेत उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुल्लची चूक. बारा लिटर होईपर्यंत थांबलो, तर तेवढ्याच ०.२ चा परिणाम पावणेदोन टक्क्यांच्या आत येतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रीडिंग २१,६८१. १६३ किलोमीटर, ४.०२ लिटर. ॲव्हरेज साडेचाळीसवर उतरलं.

शनिवार-रविवारी गाडी ऑफिसला गेलीच नव्हती. मंडई, किराणा, आईला डॉक्टरकडे नेणं-आणणं, सगळ्या दीड-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, मागे माणूस बसलेलं, इंजिन दर वेळी गार. गार इंजिन सुरुवातीच्या एक-दोन किलोमीटरला जास्त पितं. लांबच्या प्रवासात ते झाकून जातं, पण दोन किलोमीटरच्या फेरीत सगळा प्रवासच त्यात संपतो. शिवाय सोमवार ते बुधवार पाऊस, नळस्टॉप ते डेक्कन एकेक फूट सरकत जाणं. आकडा पडला यात आश्चर्य नाही.

यातून कामाची गोष्ट अशी निघते: ऑफिसच्या प्रवासाचा खर्च काढायचा, तर घरच्या फेऱ्या कमी असलेल्या टाक्या जास्त खऱ्या. मी तरीही ही टाकी ठेवणार आहे. काढून टाकली तर आकडा गोड दिसेल, पण पावसाळ्याचे चार महिने खोटे ठरतील.

२१ सप्टेंबर, रविवार

आज मीटर तपासला. सकाळी लवकर चांदणी चौकातून बायपासला लागून देहूरोडच्या दिशेने. एका किलोमीटरच्या पाटीपाशी ट्रिप मीटर शून्य केला आणि तिथून दहाव्या पाटीपाशी पाहिला: १०.३. म्हणजे माझा मीटर साधारण तीन टक्के जास्त दाखवतो. परतीला फोनवर जीपीएस लावून पुन्हा पाहिलं, तेवढंच आलं.

घरी आल्यावर पहिला विचार आला की सगळे आकडे तीन टक्क्यांनी खाली आणावेत. थोडं बसून मांडल्यावर लक्षात येतं की माझ्या प्रश्नासाठी त्याची गरज नाही. मीटर जास्त किलोमीटर दाखवतो म्हणून किलोमीटरमागचा खर्च कमी दिसतो. पण तोच मीटर घर ते ऑफिस अंतरही तितकंच जास्त दाखवतो. दोघांचा गुणाकार केला की चूक कटते आणि दिवसाचा खर्च रुपयांत बरोबर येतो.

चूक शिरते ती दोन मापं मिसळल्यावर. ॲव्हरेज गाडीच्या मीटरवरून काढायचं आणि अंतर नकाशावरून घ्यायचं, हे बहुतेक जण करतात. माझं जाऊन-येऊन अंतर नकाशावर ३३.४ किलोमीटर आहे आणि माझ्या मीटरवर ३४.४. मिसळलं तर दिवसाला अडीच रुपये कमी दिसतात. ज्याला दुसऱ्याच्या गाडीशी ॲव्हरेजची तुलना करायची आहे, त्याने मात्र तीन टक्क्यांची दुरुस्ती करायलाच हवी. मी सगळं माझ्या मीटरवर ठेवतोय.

२४ सप्टेंबर, बुधवार

रीडिंग २१,८६२. १८१ किलोमीटर, ४.२१ लिटर. ॲव्हरेज परत ४३ वर. यात रविवारचा बायपासही आहे.

एकूण ५१६ किलोमीटर, १२.२१ लिटर. लिटरला ४२.२६. पेट्रोलचे १,२७० रुपये भागिले ५१६, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ४६ पैसे. चूक धरली तरी हा आकडा चार पैशांनी वर-खाली होईल, जास्त नाही.

शीटमध्ये तारीख, रीडिंग, लिटर आणि रुपये एवढे चारच रकाने ठेवले आहेत. दुसऱ्या ओळीत पहिली फुल्ल टाकी, तिथून खाली पुढच्या. सूत्र एकच:

```
=SUM(D3:D5)/(B5-B2)
```

बेरीज `D3` पासून सुरू होते, `D2` पासून नाही, हे महत्त्वाचं. पहिल्या दिवशी भरलेलं पेट्रोल त्याआधीच्या प्रवासाचं आहे. ते धरलं तर खर्च फुगतो. लिटरऐवजी रुपयांची बेरीज घेतल्यामुळे मध्ये भाव बदलला तरी वेगळं काही करावं लागत नाही.

दिवसाचं पेट्रोल: ३४.४ गुणिले २.४६, म्हणजे ८५ रुपये.

एक गोष्ट तपासून पाहिली, कारण भाववाढीची चर्चा फार होते. पेट्रोल लिटरमागे एक रुपयाने वाढलं, तर माझ्या दिवसाला ८० पैसे वाढतात. महिन्यात वीस दिवस ऑफिस धरलं तर सोळा रुपये. उलट टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि क्लच यांकडे दुर्लक्ष होऊन ॲव्हरेज ४२ वरून ३८ वर आलं, तर ते पेट्रोल लिटरला सुमारे अकरा रुपयांनी महागल्यासारखं आहे. भाववाढ पेपरात छापून येते, ॲव्हरेजची घसरण कुठेच छापून येत नाही. ती अशी मोजूनच कळते.

२७ सप्टेंबर, शनिवार

गाडी सर्व्हिसिंगला. पेट्रोल सोडून किलोमीटरमागे काय झिजतं ते आज लिहून घेतलं. गॅरेजवाल्या दादांनी डावीकडचं झाकण उघडलं आणि पट्टा काढून हातात दिला. आतल्या बाजूने वाकवला की दात्यांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा दिसतात. सरळ धरला तर पट्टा नव्यासारखा वाटतो. "चोवीस हजाराला बदलून टाकू," ते म्हणाले. "तुटायची वाट बघितली तर नेमका पुलावर तुटेल, आणि ढकलत आणावी लागेल."

पट्टा आणि रोलर मिळून १,८०० रुपये. चोवीस हजार किलोमीटरने भागले की साडेसात पैसे. याच पद्धतीने बाकीचं: सर्व्हिसिंग आणि ऑइल मिळून दर तीन हजार किलोमीटरला ११०० रुपये, ते ३७ पैसे. दोन्ही टायर मिळून ३,००० रुपये, माझे वीस हजारांपर्यंत जातात, ते १५ पैसे. ब्रेक शू, प्लग, एअर फिल्टर आणि किरकोळ याला १० पैसे धरले. बेरीज किलोमीटरला सुमारे ७० पैसे. सगळ्यात मोठा वाटा सर्व्हिसिंगचा निघाला. मला टायरचा असेल असं वाटत होतं.

आता इन्शुरन्स, पीयूसी आणि गाडीची उतरत जाणारी किंमत. यावर ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याशी बराच वेळ बोलणं झालं. तो हे सगळं धरतो आणि किलोमीटरला पाच रुपयांच्या पुढे जातो. म्हणाला, "गाडी फुकट येत नाही ना? मग तिची किंमत का नाही धरायची?"

त्याचं म्हणणं खरं आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी मेट्रोने गेलो तरी गाडी खाली पार्किंगमध्ये उभीच राहणार आहे. आईला डॉक्टरकडे तीच नेणार, भाजी तीच आणणार. थर्ड पार्टी इन्शुरन्सचे वर्षाचे ७१४ रुपये गाडी चालली काय, उभी राहिली काय, भरावेच लागतात. पाच वर्षांची गाडी विकायला काढली, तर गिऱ्हाईक आधी साल बघतं आणि मग किलोमीटर. मेट्रोमुळे जो खर्च वाचत नाही, तो मेट्रोच्या विरुद्ध पारड्यात टाकायचा नाही.

गाडी विकूनच टाकायची असेल, किंवा घरात दुसरी गाडी घ्यायची की नाही असा प्रश्न असेल, तेव्हा सहकाऱ्याचा आकडा बरोबर. गाडी ठेवून फक्त ऑफिसला कशाने जायचं एवढंच ठरवायचं असेल, तर माझा: २.४६ अधिक ०.७०, म्हणजे ३ रुपये १६ पैसे. दिवसाचे १०९ रुपये. ऑफिसच्या तळघरात पार्किंग मोफत आहे, नाहीतर तेही यात आलं असतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसरा होऊन आठवडा पुन्हा सरळ सुरू झाला. आजपासून मेट्रो.

वनाज ते रामवाडी तिकीट ३० रुपये. वन पुणे कार्डवर कामाच्या दिवशी दहा टक्के सूट, म्हणजे २७. जाऊन-येऊन ५४. पुणे मेट्रोचा सगळ्या प्रवाशांसाठी मुंबईच्या लोकलसारखा महिन्याचा पास नाही, त्यामुळे जितके दिवस जाल तितकेच पैसे. घरून काम करणाऱ्यांसाठी हे चांगलंच आहे. जो दिवस गेलो नाही त्याचं नुकसान नाही.

५४ आणि १०९ एवढंच पाहिलं तर वाद संपला. पण मेट्रो माझ्या दारातून सुटत नाही आणि ऑफिसच्या दारात थांबत नाही. वनाज स्टेशन घरापासून सव्वा किलोमीटर, ते मी चालतो. रामवाडीहून ऑफिस दोन किलोमीटर. सकाळी चालत गेलो. नगर रोड ओलांडून आत शिरेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली आणि शर्ट भिजला. संध्याकाळी शेअर रिक्षा, २० रुपये.

आज रात्री कागदावर उलटं गणित मांडलं. मेट्रोचे ५४ गेल्यावर मला दोन्ही टोकांना किती खर्च करायची मुभा उरते? फक्त पेट्रोलशी तुलना केली तर ८५ वजा ५४, म्हणजे ३१. एका बाजूला पंधरा रुपये. झीजही धरली तर १०९ वजा ५४, म्हणजे ५५. एका बाजूला २७ रुपये. पंधरा किलोमीटरच्या प्रवासाचा निकाल त्या शेवटच्या दोन किलोमीटरवर लागतो. लोक वाद घालताना मात्र फक्त तिकिटाचे आकडे सांगतात.

८ ऑक्टोबर, बुधवार

रामवाडीच्या टोकाला जे जे पर्याय आहेत ते वापरून पाहिले.

मीटरची रिक्षा: पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे किलोमीटरला १७. दोन किलोमीटरला ३३-३४ होतात, तेही रिक्षा मीटरने आली तर. दोन्ही वेळा रिक्षा केली तर दिवस १२१ ला पडतो. गाडीपेक्षा महाग. शेअर रिक्षा दोन्ही वेळा: ५४ अधिक ४०, म्हणजे ९४. हा आकडा नेमका मध्ये पडतो. फक्त पेट्रोल मोजणाऱ्याला मेट्रो महाग वाटेल, झीज मोजणाऱ्याला स्वस्त. दोघंही आपापल्या हिशेबाने बरोबर बोलत असतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

पीएमपीची बस: पाच किलोमीटरच्या आतल्या टप्प्याला १० रुपये. दोन्ही वेळा बस धरली तर ७४. हा पर्याय कोणत्याही हिशेबाने गाडीपेक्षा खाली आहे. अडचण वेळेची. सकाळी बस पटकन मिळते, संध्याकाळी साडेसहानंतर थांब्यावर उभं राहून दोन-तीन रिक्षा "विमाननगर, रामवाडी" ओरडत डोळ्यांसमोरून जातात. माझ्या अंदाजाने सकाळी बस आणि संध्याकाळी शेअर रिक्षा असं खरं होईल: ५४, १० आणि २०, म्हणजे ८४.

वनाजपर्यंत गाडी नेऊन तिथे लावण्याचाही विचार केला. अडीच किलोमीटरचे आठ रुपये दिसतात, पण ते किलोमीटर गार इंजिनाचे असतात, म्हणून दहा धरावेत, वर पार्किंगचे पैसे. सव्वा किलोमीटरला मला ते पटत नाही. वारजे किंवा बावधनच्या आतल्या भागातून येणाऱ्याला मात्र हेच सोयीचं पडेल. त्याने पार्किंगचा दर २७ च्या मुभेत बसतो का, हे आधी पाहावं.

वेळ: गाडीने पन्नास ते पंचावन्न मिनिटं, मेट्रोने दारापासून दारापर्यंत सत्तरच्या आसपास. या पंधरा मिनिटांचे रुपये करत नाहीये. मेट्रोतला अर्धा-पाऊण तास बसून वाचता येतो आणि गाडीवरचा तास येरवड्याच्या धुरात जातो, हा फरक माझ्यासाठी मोठा आहे. पण तो रुपयांच्या रकान्यात कोंबला तर रकान्यावरचाच विश्वास उडेल.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज फक्त बस पास. १ जून २०२५ पासून पीएमपीचे दर बदलले. पुणे-पिंपरीचा दिवसाचा पास ७० रुपये झाला, महिन्याचा ९०० वरून १,५०० झाला.

महिन्याचा पास घेताना लोक तो गाडीशी ताडून पाहतात. आधी तो पासाच्याच धाकट्या भावाशी ताडायला हवा. १,५०० भागिले ७०, म्हणजे २१.४. महिन्यात बावीस किंवा जास्त दिवस बस वापरणार असाल तरच महिन्याचा पास परवडतो. एकवीस दिवसांपर्यंत रोजचा पास काढलेला बरा. शनिवारी सुट्टी असलेल्याला, सण आणि रजा वजा करता, बावीस दिवस क्वचित भरतात. पूर्वी दिवसाचा पास ४० आणि महिन्याचा ९०० होता तेव्हाही बावीस-तेवीस दिवसच लागायचे. दर वाढले, पण ही सीमा जवळजवळ जिथल्या तिथे राहिली.

रविवारीही बसने फिरणारे, दिवसात दोन-तीन ठिकाणी जाणारे, वसुलीला किंवा डिलिव्हरीला हिंडणारे, यांच्यासाठी १,५०० चा पास अजूनही सोन्यासारखा आहे. त्यांचे दिवस तीसच्या तीस भरतात.

गाडीशी तुलना: १,५०० भागिले १०९, म्हणजे चौदा दिवसांत पास वसूल. फक्त पेट्रोल धरलं तर अठरा दिवस. वीस दिवस जाणाऱ्याला दिवस ७५ ला पडतो, मेट्रो आणि बस मिळून ७४ होतात, म्हणजे पैशांत काही फरकच नाही. पण भुसारी कॉलनीहून विमाननगरला मला पुणे स्टेशनला बस बदलावी लागते आणि संध्याकाळी दीड तास मोडतो. एवढ्या अंतराला माझ्यासाठी मेट्रो.

आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असलेल्याने महिन्याचा पास घेऊच नये. तेरा दिवसांत तो दिवसाला ११५ ला पडतो, माझ्या गाडीपेक्षाही महाग. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: बसचा पास मेट्रोत चालत नाही. रामवाडीच्या दहा-दहा रुपयांसाठी १,५०० चा पास काढून वर मेट्रोचं तिकीट काढलं, तर दोन्हीकडून पैसे जातात.

१२ ऑक्टोबर, रविवार

बायकोचा हिशेब आज केला, आणि त्याने माझा निकाल थोडा हलवला.

तिचं ऑफिस डेक्कनला, घरापासून साडेसहा किलोमीटर. बसचा टप्पा २० रुपयांचा, जाऊन-येऊन ४०. वेगळी गाडी नेली तर तेरा किलोमीटरचे, झीज धरून, ४१. म्हणजे बरोबरी. पास काढला तर ७५, तो विचारच सोडून दिला. अंतर कमी असलं की पास हरतो. पासाची किंमत अंतरावर ठरत नाही, गाडीचा खर्च मात्र अंतराप्रमाणे खाली येतो.

ती म्हणाली, "तू मेट्रोने गेलास तर मी बसने जाणार. तू गाडीने गेलास तर मला डेक्कनला सोडतोस. मग माझे चाळीस कोणाच्या खात्यात?"

हे धरायलाच हवं होतं. दोघं गाडीवर जाऊन-येऊन: १०९, मागे माणूस म्हणून दोन रुपये जास्त धरू, १११. मी मेट्रो-बसने आणि ती बसने: ७४ अधिक ४०, म्हणजे ११४. गाडी तीन रुपयांनी स्वस्त. मी संध्याकाळी शेअर रिक्षा केली तर ८४ अधिक ४०, मग गाडी तेरा रुपयांनी स्वस्त. पण तिची सुटायची वेळ माझ्याशी जुळत नाही तेव्हा ती परत बसने येते. त्या दिवशी गाडीकडे १११ वर तिचे २० चढतात आणि १३१ होतात, मग मेट्रो जिंकते.

कॅलेंडरवर मांडून पाहिलं. मंगळवार आणि गुरुवार तिची वेळ जुळते, ते गाडीचे. बाकीचे तीन मेट्रोचे. दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे, त्यानंतर हेच चालू ठेवायचं ठरलं. शीट बंद करत नाहीये; गाडीवर लहान फेऱ्याच जास्त राहिल्या तर ॲव्हरेज चाळीसच्या खाली जाईल असा अंदाज आहे, आणि तसं झालं तर सगळा तक्ता ३ रुपये १६ ऐवजी नव्या दराने पुन्हा चालवायचा.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसमध्ये ॲडमिनच्या मॅडमना भेटलो. रामवाडीहून सकाळ-संध्याकाळ एक टेम्पो ट्रॅव्हलर लावता येईल का, असं विचारलं. त्यांनी विचारलं, "माणशी किती दिले तर लोक खरंच येतील?" हा आकडा माझ्याकडे होता. माझ्यासारख्या ३४ किलोमीटरवाल्याला एका फेरीचे २७ रुपयांपर्यंत परवडतात. जो फक्त पेट्रोल मोजतो त्याला पंधरा. म्हणून पंधराच्या आत बसवा, मग गाडीवाले स्वतःहून मेट्रोकडे येतील. त्यांनी रामवाडीवरून येणाऱ्यांची नावं आणि सुटायच्या वेळा लिहून मागितल्या आहेत. यादी फिरवायला आज दुपारी सुरुवात केली.